फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा

ताप मोजण्याच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे एक ग्रॅम पारा एकत्र आला तर त्याची गोळी जेमतेम पाच मिलिमीटर व्यासाची, म्हणजे लहान वाटाण्याएवढी होते. एवढ्याशा पाऱ्याने घर राहण्यालायक उरत नाही असे मुळीच नाही. तो तासाभरात, घरातल्या साध्या वस्तूंनी, पूर्ण गोळा करता येतो. मात्र थर्मामीटर फुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय केले जाते यावर पुढचे बरेच काही ठरते, कारण सवयीने हात ज्या वस्तूंकडे जातो त्या केरसुणी, ओले फडके आणि व्हॅक्यूम क्लीनर याच इथे सर्वांत जास्त नुकसान करतात.

पाऱ्याचा धोका त्याच्या वाफेत आहे. पारा गिळला गेला तर तो आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडतो. तापात थर्मामीटर चावलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना पाऱ्यापेक्षा काचेच्या तुकड्यांची चिंता अधिक असते. अशा मुलाला उलटी करायला लावू नये, तोंडातली काच काढून डॉक्टरांकडे न्यावे. धडधाकट त्वचेतूनही पारा फारसा आत जात नाही. पण श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो, तिथून मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि शरीरातून निम्मा कमी व्हायलाच महिना-दोन महिने लागतात. या वाफेला रंग नाही आणि वासही नाही. त्यामुळे ‘काही जाणवत नाही’ याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही.

वाफ किती निघणार हे पाऱ्याच्या वजनापेक्षा त्याच्या उघड्या पृष्ठभागावर आणि खोलीच्या तापमानावर ठरते. एक ग्रॅमची एकच गोळी असेल तर तिचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरहूनही कमी भरतो. त्याच गोळीचे केरसुणीच्या फटक्याने हजार थेंब झाले, तर प्रत्येक थेंब अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि सर्वांचा मिळून पृष्ठभाग दहापट वाढतो. वीस अंश तापमानाला पाऱ्याच्या स्वच्छ पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून तासाला ढोबळमानाने पन्नास मायक्रोग्रॅम वाफ निघते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. खिडक्या-दारे बंद असतील तर अखंड गोळी तासाभरात या हवेत दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास भर घालते आणि विखुरलेले थेंब बाराच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतील पाऱ्यासाठी सुचवलेली वर्षभराची सरासरी मर्यादा दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत पारा सांडलेले घर साफ केल्यावर कुटुंबाला परत राहायला जाऊ देताना हाच आकडा पाहिला जातो. तापमानाचा परिणामही मोठा आहे. वीस अंशांच्या तुलनेत चाळीस अंशांना पाऱ्याच्या वाफेचा दाब पाचपट होतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या वैशाखातल्या बंद खोलीत सांडलेला पारा म्हणूनच महाबळेश्वरच्या थंडीत सांडलेल्या पाऱ्यासारखा नसतो.

साफसफाईचे सगळे नियम या एका हिशेबातून निघतात. थेंब फुटू द्यायचे नाहीत, शक्य तितके एकमेकांत मिसळून मोठे करायचे, आणि निघालेली वाफ घरात न फिरवता बाहेर काढायची.

समजा, अशाच दहा बाय बाराच्या झोपण्याच्या खोलीत, पलंगाच्या कडेवरून थर्मामीटर खाली पडला आहे. चंदेरी फुगा फुटून काही थेंब टाइल्सवर घरंगळले आहेत, एखाददुसरा चादरीवर आहे. सर्वांत आधी लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि पाळीव मांजर-कुत्रे खोलीबाहेर न्यायचे. रांगणारे मूल जमिनीलगत श्वास घेते आणि हात तोंडात घालते, त्यामुळे त्याला सर्वांत जास्त धोका असतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे तळपाय आणि चपला पाहायच्या. एक थेंब तळव्याला चिकटून गेला तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. मग खोलीची बाहेरच्या हवेकडे उघडणारी खिडकी सताड उघडायची आणि घरात उघडणारे दार लावून घ्यायचे. एसी बंद करायचा, कारण तो खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. छताचा पंखाही साफसफाई संपेपर्यंत बंदच ठेवायचा, नाहीतर वाफ दाराखालून बाकीच्या घरात ढकलली जाते. हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा असेल तर तो मात्र लावावा.

साफसफाई एकाच मोठ्या माणसाने करावी. तिने किंवा त्याने अंगठी, बांगड्या, पाटल्या, घड्याळ आणि लांब मंगळसूत्र आधी काढून ठेवावे. सोने आणि चांदी पाऱ्यात विरघळून त्यांचा मिश्रधातू होतो. एखादा थेंब लागताच सोन्यावर पांढरा डाग पडतो, तो पुसून जात नाही. असे झालेच तर दागिना पिशवीत बंद करून सोनाराला पारा लागल्याचे स्पष्ट सांगून द्यावा. डाग घालवण्यासाठी दागिना तापवला की तोच पारा वाफ होऊन सोनाराच्या छातीत जातो. घरी गॅसवर धरून पाहण्याचा प्रयोग तर कधीच करू नये. याच कारणाने पारा उचलायला ॲल्युमिनियमचे ताट, पितळेची सुपली किंवा तांब्याचे भांडे घेऊ नये. प्लास्टिक, काच आणि पुठ्ठा चालतो.

लागणारे साहित्य घरात किंवा शेजारच्या औषधाच्या दुकानात मिळते. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, दोन जाड कागद किंवा पत्रिकेचा कडक पुठ्ठा, लहान मुलांच्या औषधाबरोबर येणारा ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज, टॉर्च, रुंद चिकटपट्टी, टिश्यू पेपर, घट्ट बंद होणाऱ्या काही प्लास्टिकच्या पिशव्या, आणि फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची एक बाटली. बाटलीत तळाला थोडे पाणी घालून ठेवायचे. पारा पाण्याखाली बसतो आणि वाफ अडते.

आधी काच उचलायची. मोठे तुकडे हातमोज्यांनी सावकाश उचलून टिश्यूत गुंडाळायचे आणि पिशवीत टाकायचे. तुटलेल्या नळीत पारा अडकलेला असू शकतो, म्हणून ती झटकायची नाही, आडवी धरून तशीच पिशवीत सरकवायची. त्यानंतर पुठ्ठ्याच्या कडेने थेंब बाहेरून आतल्या दिशेने, अगदी हळू ढकलत एका जागी आणायचे. दोन थेंब एकमेकांना टेकले की एकजीव होतात, आणि हे होताना दिसले की काम बरोबर चालले आहे असे समजावे. पाच-सहा थेंबांचा एक झाला की दुसऱ्या पुठ्ठ्यावर घेऊन तो बाटलीत सोडायचा. पुठ्ठ्यावर न येणारे थेंब ड्रॉपरने ओढून घ्यायचे. ड्रॉपर पाऱ्यात उभा बुडवण्यापेक्षा जवळजवळ आडवा धरला तर थेंब सहज आत येतो आणि परत गळत नाही.

दिसणारा पारा संपला की खोली अंधारी करून टॉर्च जमिनीवर जवळजवळ आडवा टेकवायचा. वरून उजेड टाकला तर फरशीची चकाकी सगळे झाकून टाकते. आडव्या प्रकाशात मात्र मोहरीहूनही बारीक थेंब चमकतात आणि त्यांची सावली पडते. हा शोध पडल्या जागेपुरता नसावा. कमरेच्या उंचीवरून पडलेल्या थर्मामीटरचा पारा भिंतीपर्यंत उडू शकतो, म्हणून पलंगाखाली, कपाटाच्या पायांमागे आणि टाइल्सच्या सांध्यांत तपासत जावे. हे बारीक थेंब चिकटपट्टीची चिकट बाजू हलकेच टेकवून उचलायचे. पट्टी घासली तर थेंब पुन्हा फुटतो. ब्रशच्या टोकावर थोडा शेव्हिंग फोम घेऊन टिपले तरी ते फेसाला चिकटून येतात. वापरलेली पट्टी, फेस आणि ब्रश सगळे पिशवीत जाते.

शहाबादी फरशीच्या खोल सांध्यांत किंवा लाकडी जमिनीच्या फटींत गेलेला पारा ड्रॉपरला येत नाही. अशा ठिकाणी गंधकाची पूड भुरभुरण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो उपयोगी आहे, पण त्यावर लोकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास असतो. पारा आणि गंधक मिळून पारदाचे सल्फाइड होते, आणि ते पाण्यात न विरघळणारे, वाफ न होणारे आहे. आयुर्वेदात याच दोन द्रव्यांची काळी कज्जली करतात, पण ती करण्यासाठी खलात तासन्‌तास घोटावे लागते, कारण नेहमीच्या तापमानाला ही क्रिया अतिशय मंद चालते. फरशीवर नुसती पूड टाकली तर थेंबाच्या पृष्ठभागावर पातळ थर चढतो, आतला पारा तसाच राहतो. पायाखाली तो थर फुटला की वाफ पुन्हा निघू लागते. गंधकाचा खरा फायदा शोधायला होतो. पिवळी पूड जिथे तपकिरी-काळी पडते तिथे पारा उरला आहे असे कळते. ती पूड ओल्या टिश्यूने उचलून पिशवीत टाकायची, सांध्यात ठेवून द्यायची नाही.

चादरीचे प्रकरण वेगळे आहे. ज्या चादरीवर, सतरंजीवर किंवा गोधडीवर पारा प्रत्यक्ष सांडला आहे ती वॉशिंग मशीनमध्ये घातली तर मशीन दूषित होते आणि पारा गटारात जातो. मोठे थेंब ड्रॉपरने काढून चादर आतल्या बाजूला दुमडत जावी, झटकू नये, आणि पिशवीत बंद करावी. ती टाकूनच द्यावी लागते. गालिचा किंवा गादी महाग असेल तर डागाच्या भोवतालचा भाग कापून काढता येतो. जे कपडे फक्त त्या खोलीत होते, ज्यांना पारा लागला नाही, ते उन्हात, उघड्या हवेत टांगून मग नेहमीसारखे धुतले तरी चालतात.

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण स्वच्छतेची काळजी असणारी माणसेच इथे चुकतात. यंत्राच्या गरम मोटरमधून आणि वेगाने जाणाऱ्या हवेतून पारा बारीक होतो, तापतो, आणि मागच्या झडपेतून वाफ होऊन खोलीभर पसरतो. नंतर प्रत्येक वेळी यंत्र चालू केले की थोडा थोडा बाहेर येत राहतो. ते यंत्र मग टाकून देण्याशिवाय इलाज नसतो. ब्लीच किंवा अमोनिया असलेली द्रव्येही पाऱ्यावर ओतू नयेत, त्यांच्याशी क्रिया होऊन विषारी वायू निघू शकतात. हात धुण्याआधी हातमोजे उलटे करत काढून पिशवीत टाकावेत. बेसिनमध्ये पारा गेलाच तर तो वाहून जात नाही, जड असल्यामुळे खालच्या वाकड्या नळीत बसून राहतो. गरम पाणी न सोडता, खाली प्लास्टिकची घमेली ठेवून, प्लंबरला आधी सांगून ती नळी उघडावी.

काम संपल्यावर किमान चोवीस तास खिडकी उघडी ठेवावी आणि तोवर त्या खोलीत कोणी झोपू नये. दुसऱ्या दिवशी रात्री टॉर्चने पुन्हा एकदा पाहावे. एवढे झाले आणि काही चमकले नाही, तर टाइल्सच्या जमिनीवर फुटलेल्या एका थर्मामीटरपुरता विषय सहसा संपतो. हवेतला पारा खात्रीने मोजायचा तर त्यासाठी खास उपकरण लागते आणि ते घरोघरी मिळत नाही. तपासणीची गरज वेगळ्या परिस्थितीत असते. पारा केरसुणीने किंवा व्हॅक्यूमने पसरवला गेला, गालिच्यात मुरला, किंवा बाळाच्या बंद खोलीत आठवडाभर कोणाच्या लक्षातच आला नाही, तर घरातल्यांनी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी. झोप न लागणे, चिडचिड, हाताला कंप, हिरड्या सुजणे, लहान मुलांचे तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलवटणे ही लक्षणे आठवड्यांनी दिसतात आणि पारा सांडल्याचे सांगितले नाही तर भलत्याच आजाराची वाटतात. वाफेच्या संपर्काचा अंदाज लघवीतल्या पाऱ्याच्या तपासणीवरून येतो.

आता बाटली आणि पिशव्या उरतात. त्यांचे काय करायचे हा प्रश्न अनेकांना साफसफाईपेक्षा अवघड वाटतो, आणि म्हणूनच बाटली गुपचूप कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत जाते. घंटागाडीत गेलेली बाटली गाडीतच दाबली जाऊन फुटते आणि पारा कचरा वेचणाऱ्यांच्या हातात व श्वासात जातो. कचरा जाळला तर सगळाच्या सगळा पारा हवेत जातो. गटारातून नदी-खाडीच्या गाळात पोहोचलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथिल पारद बनवतात. हे रूप माशांच्या शरीरात साठत जाते आणि धातूच्या पाऱ्याच्या उलट, खाण्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते. भंगारवाल्याला देणेही चूकच. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातली पारा लागलेली काच २००१ मध्ये गावातल्या भंगाराच्या आवारात सापडली आणि त्या प्रकरणात कारखाना बंद झाला.

भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची जी व्याख्या केली, तिच्यात फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर नाव घेऊन नोंदवले आहेत. सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या बॅटऱ्या त्याच यादीत आहेत. हा कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवण्याचे काम घरावर आणि तो घेण्यासाठी केंद्रे उभारण्याचे काम नगरपालिका-महापालिकांवर सोपवण्यात आले, दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्राला एक याप्रमाणे. केंद्रांवर जमलेला घातक कचरा पुढे अधिकृत प्रकल्पाकडे जाणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे असे प्रकल्प आहेत. ते मुख्यतः कारखान्यांचा कचरा घेतात, एका घराने बाटली घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. आपल्या प्रभागाच्या घनकचरा विभागात जाऊन ‘घरगुती घातक कचरा कुठे स्वीकारतात’ असे विचारणे हाच योग्य मार्ग. गाडीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात बाटली देऊन मोकळे होऊ नये, केंद्राची जागा आणि वेळ विचारून घ्यावी.

केंद्र प्रत्येक शहरात नीट चालतेच असे नाही, आणि खेडेगावात तर ते बहुधा नसतेच. अशा वेळी पारा घरात ठेवणे हा कचऱ्यात टाकण्यापेक्षा नक्कीच चांगला निर्णय आहे. पारा कुजत नाही, बदलत नाही, आणि पाण्याखाली घट्ट बंद असेल तर महिनोन्‌महिने कोणालाही त्रास देत नाही. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून बाटली दुसऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी, मधल्या जागेत कागद कोंबावा, दोन्हींवर ‘पारा – विषारी – उघडू नये’ असे ठळक लिहून तारीख टाकावी. डबा स्वयंपाकघरापासून, उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून दूर, उंचावर राहू द्यावा. पुढच्या खेपेला तालुक्याला किंवा शहरात जाताना तो केंद्रावर नेता येतो. काच, हातमोजे, पट्टी, टिश्यू आणि चादर यांच्या पिशव्याही, जागा असेल तर, त्याच डब्याबरोबर द्याव्यात.

ही पद्धत एका थर्मामीटरपुरतीच लागू आहे. डॉक्टरांकडचे रक्तदाब मोजण्याचे जुने पाऱ्याचे यंत्र फुटले तर ऐंशी-शंभर ग्रॅम पारा सांडतो, म्हणजे थर्मामीटरच्या शंभरपट. तिथे ड्रॉपर आणि पुठ्ठा घेऊन बसू नये. खिडकी उघडून, दार बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि स्थानिक अग्निशमन दल किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला कळवावे. उलट सांडलेल्या द्रवाचा रंग लाल किंवा निळा असेल तर तो रंगीत अल्कोहोल असतो, काच उचलून फडक्याने पुसले की झाले. काही नव्या थर्मामीटरमध्ये गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा चंदेरी द्रव मिश्रधातू असतो. तो दिसायला पाऱ्यासारखा असला तरी काचेला चिकटून पसरतो, गोल गोळ्या होऊन धावत नाही, आणि नळीवर पारा नसल्याचे छापलेले असते.

घरात अजून न फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर तोही तसाच, कापसात गुंडाळून जाड नळीत किंवा टूथब्रशच्या डब्यात घालून, केंद्रावर देता येतो. २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या थर्मामीटरचे उत्पादन बंद करायचे ठरवले आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्या जागी येणाऱ्या डिजिटल थर्मामीटरमध्ये पारा वाचनासाठी वापरलेला नसतो, पण त्याची बटणाएवढी बॅटरी संपली की तीही याच घातक कचऱ्यात द्यायची असते.